नावाच्या ओळीत आईची जागा

(न्यासाच्या महोत्सवी समारंभात हजीरा, ग्वाल्हेर येथे केलेले भाषण)



आपल्या कार्यवाहांनी आम्हांस बोलावयास सांगितले तेव्हा विषय कोणता घ्यावा असे विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही रोज जे करता त्यावरच बोला." आम्ही रोज काय करतो? मुलांस शिकवितो हे खरेच. पण जुलै महिन्यात शिकविण्याहून अधिक वेळ आमचा फॉर्म भरण्यात व भरून घेण्यात जातो. तेव्हा आज त्या फॉर्मातील एकाच रकान्याविषयी बोलावे असे ठरविले. तो रकाना म्हणजे आईचे नाव.

आमच्याच एका चुकीपासून आरंभ करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी पहिलीचा वर्ग आमच्याकडे होता. दाखल-खारिज रजिस्टर भरावयाचे होते. एका मुलास विचारले, "आईचे नाव काय?" त्याने चटकन् सांगितले, "मुन्नी." आम्ही लिहिले "मुन्नी बी" आणि पुढच्या मुलाकडे वळलो. दहा वर्षांनी तीच ओळ शाळेच्या रजिस्टरातून मंडळाच्या नोंदणीत आणि तेथून त्या मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर गेली. पुढे त्याचे वडील वारले. ते एका कारखान्यात होते. भविष्य निर्वाह निधीची रक्कम विधवेस व मुलास मिळावयाची होती. कागद जमा केले तेव्हा वडिलांच्या कागदांत पत्नीचे नाव वेगळे, तिच्या आधार कार्डावर तेच, आणि मुलाच्या गुणपत्रिकेवर आई "मुन्नी बी". कचेरीतील मनुष्याने विचारले, "ही मुन्नी बी कोण? दुसरी पत्नी होती काय?" भरल्या घरात, नवऱ्याच्या चाळिसाव्यानंतर थोड्याच दिवसांत, त्या माउलीस हा प्रश्न ऐकावा लागला. त्या रजिस्टरातील ओळ आमच्या हातची होती.

ती चूक कशी निस्तरली हे सांगण्यासारखे आहे. रजिस्टर हा मूळ कागद नव्हे, मूळ कागद प्रवेश-अर्ज. शाळेच्या माळ्यावरील एका गठ्ठ्यात तो सापडला. त्यावर आईचा अंगठा होता, आणि अंगठ्याशेजारी कोणीतरी तिचे खरे नाव नीट लिहिले होते. अर्ज आमच्यासमोर होता, तरी आम्ही तो न पाहता मुलाच्या तोंडचे नाव उतरविले होते! त्या अर्जाची प्रमाणित प्रत, आईचे शपथपत्र आणि मुख्याध्यापकांचे पत्र अशी तीन पाने मंडळाकडे गेली व दुरुस्ती झाली. पण मधले कित्येक महिने त्या घरी पैसा आला नाही. मूळ अर्ज उंदरांनी खाल्ला असता तर काय झाले असते, हा विचार आजही आम्हांस स्वस्थ बसू देत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ग्वाल्हेरीत मराठी माणसाच्या नावाची एक अडचण फार जुनी आहे. आपली रीत अशी की, प्रथम स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. आमची आई मिरजेची. तिकडे मुसलमानांतही हीच रीत आहे; हमीद उमर दलवाई या नावात उमर हे वडिलांचे नाव. आमच्या वडिलांच्या घरी मात्र येथील चाल. येथे नाव दोन पदांचे असते आणि ती दोन्ही पदे त्याच माणसाची असतात. शकील अहमद या नावातला अहमद हा शकीलचा बाप नव्हे. त्यामुळे येथील कारकून "सुरेश गोविंद शिंदे" असे वाचतो तेव्हा गोविंद हे सुरेशच्याच नावाचे दुसरे पद आहे असे समजतो. पुढे "पित्याचे नाव" या रकान्यात पुन्हा गोविंद दिसला की गोंधळतो. आपण सर्वांनी हे अनुभवले आहे. अशा ओळीत आता आणखी एक नाव येऊ पाहात आहे.

मार्च 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला की, 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदांवर या क्रमाने लिहावे : बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. शाळेचा प्रवेश-अर्ज व शैक्षणिक कागदपत्रे, सातबारा व मालमत्तेचे कागद, सेवापुस्तक, शिधापत्रिका असे अनेक कागद त्यात आले. जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचा कायदा 1969 चा व केंद्राचा असल्यामुळे त्याबाबत केंद्राशी विचारविनिमय करावा असेही ठरले. अनाथ व तत्सम बालकांस सूट ठेविली. विवाहित स्त्रीच्या बाबतीत मात्र तिचे नाव, पतीचे नाव व आडनाव ही चालू रीत तशीच राहिली. त्याच वर्षी 5 डिसेंबर रोजी देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ती "देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस" असे नाव उच्चारून. हा क्रम कानास कसा लागतो ते तेव्हा घरोघरी ऐकू आले.

या क्रमातील एक शहाणपण लक्षात घ्यावे. आईचे केवळ स्वतःचे नाव ओळीत घेतले आहे, तिचे आडनाव घेतलेले नाही. त्यामुळे माहेरचे की सासरचे हा तंटाच तेथे उद्भवत नाही. आपल्या इतिहासात सातवाहन राजे आईवरून ओळखले जात. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही नावे मुले शाळेत पाठ करतात. पण गौतमी वा वासिष्ठी हे त्या मातेच्या गोत्रावरून आलेले नाव. तिचे स्वतःचे नाव बलश्री होते, हे आपणांस नाशिकच्या लेण्यातील लेखावरून कळते, मुलाच्या नावावरून नव्हे. आजच्या ओळीत आई प्रथमच आपल्या स्वतःच्या नावाने येत आहे. आमच्या समाजात कोणी शंका घेतात की मुलास बापाच्याच नावाने हाक मारावी असे धर्मवचन आहे. ते वचन दत्तक वा पाळलेल्या मुलाचा खरा बाप झाकू नये यासाठी आहे. येथे बापाचे नाव कोणी काढीत नाही. आणि ईसा इब्ने मरियम हे नाव तर आम्ही कुराणातच वाचतो.

पण हजीऱ्यात बसून हा क्रम जसाच्या तसा उचलावा काय? येथे आम्ही थोडे सावध राहू इच्छितो. मध्य प्रदेशात तो नियम लागू नाही. येथील शाळेच्या कागदावर मुलाचे नाव, आईचे नाव व वडिलांचे नाव असे वेगवेगळे रकाने असतात. आईस जागा देण्याच्या या दोन तऱ्हा आहेत, एक ओळीची व एक रकान्याची, आणि दोहोंचे गुणदोष निराळे आहेत.

उदाहरण घेऊन पाहू. समजा, आपल्या येथील एका कुटुंबातील मुलगा-सून नोकरीसाठी पुण्यास आहेत. ऑगस्ट 2024 मध्ये त्यांना मुलगी झाली. तिचे नाव सई, आईचे मृणाल, वडिलांचे निखिल, आडनाव भागवत. महाराष्ट्राच्या क्रमाने ती सई मृणाल निखिल भागवत झाली, आणि आईबापांनी तिचे बाल-आधारही याच नावाने काढले. काही वर्षांनी बदली होऊन मंडळी ग्वाल्हेरीस आली व आजोबा नातीस शाळेत घेऊन आले. शाळेच्या संगणकावर नावासाठी समजा तीन घरे आहेत : पहिले, मधले, शेवटचे. नावात पदे चार. घाईतला कारकून पहिल्या घरात सई, मधल्या घरात मृणाल आणि शेवटच्या घरात निखिल भागवत असे घालील. मग आडनावच "निखिल भागवत" होऊन बसेल. दुसरा कारकून मधले घर वडिलांचे समजून मृणाल यांस मुलीचे वडील करील. तिसरा एक पद गाळून सई निखिल भागवत असे लिहील, आणि मग आधारशी मेळ बसणार नाही.

हा मेळ न बसण्याचा प्रसंग आता लौकर येतो. शाळेची माहिती केंद्राच्या यूडायस या संगणकीय नोंदीत जाते आणि तिच्या आधारे विद्यार्थ्यास अपार हा बारा अंकी क्रमांक मिळतो. शाळेतील नाव आणि आधारवरील नाव जुळले नाही तर तो क्रमांक निघत नाही. आधारवरील नाव बदलावे म्हटले तर ते जन्मभरात दोनदाच बदलता येते. म्हणून सईच्या बाबतीत आमचे उत्तर असे : पहिल्या घरात सई, मधल्या घरात "मृणाल निखिल" ही दोन्ही पदे त्याच क्रमाने, शेवटच्या घरात भागवत. म्हणजे ओळ अखंड राहिली. त्याखेरीज आईच्या रकान्यात आईचे पूर्ण नाव व वडिलांच्या रकान्यात वडिलांचे पूर्ण नाव. ओळीत आई आहे म्हणून रकाना मोकळा सोडू नये. कारण ओळ नावे सांगते, नाते सांगत नाही. किरण हे नाव स्त्रीचेही असते व पुरुषाचेही. "आर्यन किरण संतोष जाधव" यातील आई कोण, हे परप्रांतातील मनुष्याने कशावरून ओळखावे? ते रकानाच सांगू शकतो.

आता आमच्या मोहल्ल्यातले उदाहरण घ्या. वडील मोहम्मद इर्शाद, आई शबनम बानो, मुलगा अयान. या घरास आडनावच नाही. महाराष्ट्राच्या क्रमाने लिहावयाचे तर "अयान शबनम मोहम्मद इर्शाद" होईल आणि संगणक इर्शाद हेच आडनाव धरील. पुढे अयानला मुलगा झाला की त्याचे आडनाव अयान. दर पिढीस आडनाव बदलणार! येथे चार पदांचा साचा बसत नाही, कारण त्याचे चौथे पद घरात नाहीच. अशा घरांस आम्ही सांगतो की, ओळीच्या नादी लागू नका, मुलाचे नाव जसे जन्मदाखल्यावर आहे तसे ठेवा व आईचा रकाना चोख भरा.

चोख भरणे म्हणजे काय, हे आता थोडे विस्ताराने सांगू, कारण बहुतेक दुखणी येथेच आहेत. आईचे नाव हे वडिलांच्या नावाहून अधिक वेळा बदलते. मराठी घरांत लग्नात नवरीचे पहिले नावच बदलण्याची चाल होती व काही घरांत अजून आहे. माहेरची सुमन सासरी वैशाली होते. शाळा सोडल्याचा दाखला सुमनच्या नावे, शिधापत्रिका वैशालीच्या नावे. आमच्या घरांत पहिले नाव राहते पण शेपूट बदलते. लग्नापूर्वी बानो, लग्नानंतर बेगम, म्हातारपणी बी. आमच्या स्वतःच्या आईचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी आहे : शाळेच्या दाखल्यावर मिरजेच्या रीतीने तिन्ही पदे, निकाहनाम्यात तिचे व वडिलांचे नाव, आणि येथील शिधापत्रिकेवर नुसते नाव व पुढे "बी". तिघीही एकच, हे आम्ही जाणतो. कागद जाणत नाही.

तेव्हा वर्गात आम्ही असा शिरस्ता ठेविला आहे. आईचे नाव मुलास विचारून लिहावयाचे नाही. शेजाऱ्यास व मामासही विचारून लिहावयाचे नाही. आईचा स्वतःचा एक कागद आणावयाचा, बहुधा आधार, आणि त्यावरून अक्षरशः उतरवावयाचे. सौ., श्रीमती, कै. ही नावाची अंगे नव्हेत, ती लिहावयाची नाहीत. "बाई", "बी", "बानो" ही तिच्या कागदावर असतील तर लिहावयाची, नसतील तर आदराने म्हणूनही जोडावयाची नाहीत. पुढे तो कागद मुलाच्या जन्मदाखल्याशी ताडून पाहावयाचा. जन्मदाखल्यावर आईचे व बापाचे असे दोन्ही नावांचे रकाने असतात. दोन्ही कागदांत आईचे नाव एकच असेल तर काम झाले. फरक असेल तर तो त्याच दिवशी पालकांस दाखवून द्यावयाचा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांस शाळाप्रवेशापासून पुढे अनेक कामांस जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जातो. तेव्हा तेथील चूक ही सर्व चुकांची आई आहे. जन्मनोंदीतील चूक निबंधकाकडे पुराव्यानिशी अर्ज करून दुरुस्त करता येते. नववीत मंडळाची नोंदणी होण्याअगोदर ही दुरुस्ती झाली तर ती शाळेच्या पातळीवर निभते. नंतर ती मंडळाच्या दारी जाते आणि तेथे दिवस मोजावे लागतात.

एक गोष्ट मात्र करू नये. महाराष्ट्रातील बातमी ऐकून आमच्याकडे काही उत्साही पालक येतात की, "गुरुजी, आमच्या सातवीतल्या मुलाच्या नावातही आईचे नाव घाला." भावना फार चांगली आहे. पण जन्मदाखला, आधार व समग्र आयडी जुन्या नावाचे आणि शाळेचे रजिस्टर तेवढे नव्या नावाचे, अशाने मुलगा दोन नावांचा होतो. 1 मे 2024 पूर्वी जन्मलेल्यांवर महाराष्ट्रातही ही सक्ती नाही. ज्यांस हौस आहे त्यांनी सर्व कागद एकदमच बदलावे, नाही तर आईचा रकाना नीट भरून समाधान मानावे.

आता सर्वांत नाजूक भाग. ज्या घरी वडील नाहीत, किंवा आहेत पण नाव लावू देत नाहीत, अथवा आईच ते लावू इच्छीत नाही, तेथे काय? पूर्वी अशा बाईस प्रवेशाच्या वेळी परत पाठवीत; कोणी "वडिलांना घेऊन या" म्हणत. 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आईचे पालकत्व स्पष्ट केले. त्यांनी 1984 मध्ये मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्याचा अर्ज स्वतःच्या सहीने केला होता आणि पित्याची सही मागण्यात आली होती. कायद्यात पालक म्हणून "पिता आणि त्याच्या पश्चात माता" असे शब्द होते. पश्चात म्हणजे पित्याच्या मृत्यूनंतरच असे नव्हे, तो मुलाची काळजी घेत नसेल वा जवळ नसेल तेव्हाही, असा अर्थ न्यायालयाने लाविला. तो कायदा हिंदूंपुरता होता. पुढे 2015 मध्ये एका अविवाहित ख्रिस्ती मातेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, एकटी माता आपल्या मुलाचा जन्मदाखला मागेल तर तिच्याकडून शपथपत्र घेऊन तो द्यावा. डिसेंबर 2016 मध्ये पारपत्राच्या अर्जात आईबापांपैकी एकाचे नाव पुरे असे ठरले आणि डिसेंबर 2018 पासून एकट्या मातेच्या अपत्यास पॅन कार्डासाठी पित्याचे नाव सक्तीचे राहिले नाही. म्हणजे आईचा रकाना ही नुसती शोभा नव्हे. काही मुलांच्या बाबतीत फॉर्मवरचा भरलेला तोच एक रकाना असतो, आणि त्यावर सारे उभे असते.

म्हणून, अध्यक्ष महाशय, शेवटी या न्यासाकडे आमचे एक मागणे आहे. न्यास दर वर्षी शिष्यवृत्त्या देतो. त्या अर्जात आजही "पालकाचे नाव" असा एकच रकाना आहे. आमच्या शाळेतील मुले तो भरतात तेव्हा कोणी वडील लिहितो, कोणी काका, कोणी मामा; आई क्वचित. या महोत्सवाच्या वर्षी त्या एका रकान्याचे तीन करावेत : आईचे नाव, वडिलांचे नाव, आणि दोघेही नसतील तर सांभाळणाऱ्याचे नाव व नाते. यांपैकी कोणताही एक भरला असता अर्ज पूर्ण समजावा. आणि आईच्या रकान्याखाली बारीक अक्षरांत एवढीच सूचना छापावी : आईच्या स्वतःच्या कागदावर आहे तसे लिहावे.

छपाईस वेगळा खर्च नाही. अर्ज दर वर्षी नव्याने छापलाच जातो. आणि मजकूर तपासावयास कोणी हवे असेल तर आम्ही येऊन बसू. त्या माळ्यावरच्या गठ्ठ्याचे ऋण आमच्यावर अद्याप आहे.